दुसरी किल्ली

शाळेचं कँटीन चालवणाऱ्या काकांना दोन लेखी नोटिसा झाल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या तपासणीत फ्रिज चौदा अंशांवर, दूध नासलेलं, वर नोंदवहीत रोज ठळक 'चार अंश'. त्याच आठवड्यात सहा मुलांची पोटं बिघडली. शाळा समितीने काकांचा करार संपवला. सोमवारपासून नवी कंत्राटदारीण, तोवर मुलांनी घरून डबा आणायचा.

ताबा घ्यायचं काम पर्यवेक्षिका बाईंच्या गळ्यात पडलं. त्यांचा स्वतःचा लेक काकांच्याच हातचं जेवून दहावी झालेला. त्यामुळे राग दुप्पट होता.

शुक्रवारी त्या यादी घेऊन कँटीनमध्ये आल्या. पातेली, पराती, गॅसच्या शेगड्या, सगळं शाळेचं मोजून झालं. कोठीची दुसरी किल्ली तेवढी सापडेना. फ्रिज उघडला आणि त्यांनी नाकावर रुमाल धरला. काका मात्र आत डोकं घालून शांतपणे कप्पे मोजत होते.

"काका, तुम्हाला वास येत नाही?"

काकांनी शेवटचा कप्पा मोजला आणि फ्रिजचं दार लावलं.

"गेल्या वर्षीच्या तापापासून नाही," ते म्हणाले. "कशाचाच नाही."

"मग सांगायचं ना! थर्मामीटर दिला होता तुम्हाला."

"बावीस वर्षं नाकावर चाललो, बाई. दूध हुंगायचो आणि वहीत चार लिहायचो. नाक गेलं, तरी हात चारच लिहीत राहिला. आणि सांगितलं असतं, तर माझ्या हातचं खाल्लं असतं कुणी?"

"मुलं आजारी पडली, काका."

"हो. म्हणूनच पत्र आलं तेव्हा भांडलो नाही."

बाईंना त्यांची फार कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही घेऊनच त्यांनी यादीवर सही केली.

शनिवार-रविवारी धुलाई, फवारणी झाली. नव्या कंत्राटदारीण बाईंचा परवाना आणि कामगारांचे आरोग्य दाखले पाहून झाले. सोमवारी सकाळी पर्यवेक्षिका बाई कँटीनमध्ये पाहणीला आल्या, तर काका दारात उभे. दुसरी किल्ली जुन्या कोटाच्या खिशात निघाली होती. किल्ली दिली, तरी पाय निघेना.

"काय शिजतंय?"

"दिसतंय की. कांदा परततायत."

"दिसतंय हो. वास कसा येतोय?"

बाईंनी डोळे मिटून नीट हुंगलं. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात कधी काही हुंगलं नव्हतं.

"गोडसर. आणि आता... जरा कडवट."

काकांनी उंबरा ओलांडला नाही. तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "ताई, आच कमी करा. खाली लागतोय."

नव्या बाईंनी चमकून मागे पाहिलं आणि आच कमी केली.