रबर पेट्रोलमध्ये नको

दहावीचा शेवटचा पेपर देऊन तृप्ती घरी आली ती दप्तर कोपऱ्यात भिरकावून सरळ गॅरेजात. जालन्यात, अंबडच्या रस्त्याला तिच्या पप्पांचं, कल्याणरावांचं गॅरेज. तिथं एक लाकडी स्टूल होतं आणि ते तिचं होतं. फोन घ्यायचा, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं, आणि मधूनमधून पप्पांना पाना पुरवायचा. एवढंच. पाना हातात धरायला मिळायचा, फिरवायला मात्र नाही.

"पप्पा, आता तरी मला काम द्या. स्टुलाला पाय आहेत, पण मला पण आहेत ना!"

गॅरेजातले जुने मेकॅनिक सोमेश्वर, सगळ्यांचे सोमाकाका, कार्बोरेटरमधून मान वर न काढता म्हणाले, "पाय हाईत, पण तोंड जास्त हाय. पोरगी बोलू बोलूच नट ढिले करून राह्यली."

पप्पा पाना फिरवत राहिले. ते कमी बोलायचे. तृप्ती दोघांच्याही वाटचं बोलायची, त्यामुळं हिशेब बरोबर बसायचा.

त्याच दुपारी भालचंद्र वकील आपली मोटारसायकल ढकलत घेऊन आले. अंबडच्या कोर्टात ते रोज याच गाडीवर जायचे. जुनी, जड, परदेशी बनावटीची गाडी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या क्लचला तार असते. हिच्या क्लचला तार नव्हती, तेल होतं. डावा लिव्हर दाबला की हँडलवरच्या छोट्या टाकीखालचा दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल नळीतून खाली इंजिनपाशी जातं आणि तिथला दुसरा दट्ट्या क्लच सोडवतो. तृप्तीनं हे कधीच वाचून ठेवलं होतं. वाचून ठेवलं होतं म्हणजे, तीनदा वाचलं होतं.

"कल्याणराव, लिव्हर लोण्यासारखा झालाय," वकील घाम पुसत म्हणाले. "दाबला तरी काही लागत नाही हाताला. पहिला गिअर टाकला की कर्रर्र! साक्षीदार खोटं बोलताना तसा आवाज करत नाही हो."

पप्पांनी लिव्हर एकदा दाबून पाहिला. मग तृप्तीकडं पाहिलं.

"ही गाडी तू कर."

सोमाकाकांच्या हातातून कार्बोरेटरचा जेट खाली पडला.

"मी हात लावणार न्हाई," पप्पा म्हणाले. "गिअर आवाज न करता पडला, तर त्या निळ्या पेटीतले पाने तुझे. न्हाई पडला तर परत स्टूल, अन् गपचूप अकरावीची तयारी."

तृप्तीला वाटलं, छातीत कुणीतरी किक मारली आणि पहिल्याच किकेला इंजिन चालू झालं.

तिनं आधी सगळं नजरेनं तपासलं. नळी कोरडी, जोड कोरडे, खालच्या दट्ट्यापाशीही ओल नाही. म्हणजे तेल बाहेर गळत नव्हतं. मग आत हवा शिरली असेल, असं धरून तिनं हवा काढायला घेतली. टाकीखाली ओला फडका अंथरला, कारण क्लचमधलं तेल म्हणजे ब्रेक ऑइल, आणि ते रंगाला खातं. खाली हवा सोडायच्या स्क्रूला, निपलला, पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक थोडं तेल टाकलेल्या बाटलीत बुडवलं, म्हणजे उलटी हवा ओढली जायला नको.

"सोमाकाका, लिव्हर धरा ना. मी म्हणेन तेव्हाच सोडायचा बरं का!"

"आता मला शिकवती का," सोमाकाका म्हणाले, पण आले.

"दाबा, दाबा, दाबा... दाबून धरा! खोलते." निपल पाव फेरा उघडला. बुडबुडे आले, आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकला. "धरूनच ठेवा! बंद केला. हां, आता सोडा."

मधे मधे टाकीत तेल भरत, बुडबुडे थांबेपर्यंत तिनं हेच केलं. लिव्हर कडक झाला. तृप्ती गॅरेजभर नाचायचीच बाकी राहिली. वकील गाडी घेऊन गेले, आणि चहा उकळायच्या आत परत आले. कर्रर्र त्यांच्या आधी पोचला.

"उत्तम जमलं होतं," वकील म्हणाले. "चौकापर्यंत."

सोमाकाका हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "मंग?"

तृप्तीचा चेहरा उतरला, पण डोकं चालू राहिलं. तिनं लिव्हर जोरात न दाबता हळू दाबला आणि तसाच धरून ठेवला. बोटांखाली काहीतरी सरकलं. लिव्हर आपोआप, सावकाश, हँडलकडं बसत गेला. बाहेर थेंब नाही, आणि नळीत हवा नाही. मग तेल जातंय कुठं?

"पप्पा, आतल्या आत मागं जातंय! दट्ट्यावरच्या रबराच्या बाजूनं. टाकीखालच्या, वरच्या सिलेंडरचं रबर गेलंय."

"बराबर," पप्पा म्हणाले. तेवढा एक शब्द तिला शाबासकीच्या भाषणासारखा वाटला.

स्टेशनजवळच्या दुकानात या गाडीच्या दट्ट्या-रबरांचं एकच किट शिल्लक होतं, ते आणलं. पप्पा आणि वकील समोर चहाला गेले आणि तृप्तीनं काम सुरू केलं. टाकीतलं तेल काढलं. लिव्हरचा बोल्ट काढला, धूळ अडवणारं रबरी टोपण उचकटलं, आतली लॉकची कडी चिमट्यानं दाबून सोडवली. दट्ट्या, मागोमाग स्प्रिंग हातात आली. दट्ट्यावरच्या जुन्या रबराची कड एका जागी झिजून चपटी पडली होती. बॅटरीच्या उजेडात सिलेंडर आतून पाहिलं. भिंत गुळगुळीत, ओरखडा नाही. टाकीतून तेल उतरायचं बारीक भोकही मोकळं होतं.

आता या गॅरेजचा एक नियम होता. पप्पांचाच. कोणताही सुटा भाग पेट्रोलच्या ट्रेमध्ये धुतल्याशिवाय गाडीत जायचा नाही. नवा असला तरी, दुकानातल्या पुड्यातला असला तरी. तृप्ती लहान असल्यापासून तो ट्रे पाहत आली होती. तिनं नवा दट्ट्या, नवी स्प्रिंग आणि नवी रबरं ट्रेमध्ये सोडली.

"शाब्बास," सोमाकाका म्हणाले. "पयले धू. मंग बसव."

तिनं सिलेंडर पुसलं, लिव्हरच्या बोल्टला ग्रीस लावलं, टाकीचं झाकण घासलं, आणि तोंडानं गाणंही म्हटलं. मग रबर उचललं.

ते वेगळं लागलं. मऊ आणि फुगीर. दट्ट्याच्या खाचेत ते नीट बसेना, कडेनं वर येत होतं. तिनं टाकून दिलेलं जुनं रबर शेजारी धरलं. एकाच मापाचे भाग, पण नवं जाड झालेलं. आणि मग तीनदा वाचलेल्यातली एक ओळ तिला आठवली, जी तिन्ही वेळा तिनं भराभर ओलांडली होती: ब्रेक ऑइलच्या रबराला पेट्रोल, डिझेल, ग्रीस काही लावायचं नाही, ते फुगतं.

"सोमाकाका, हे फुगलं."

काकांनी रबर चिमटीत धरून पाहिलं. "थोडंच हाय. दाबून घाल. आज तर कडक लागंल लिव्हर, अन् पुढचं पुढं. तुझी पेटी तर पक्की व्हईल."

खरं होतं ते. आज लिव्हर कडक लागला असता. पण फुगलेलं रबर सिलेंडरात अडकलं, ते बारीक भोक झाकून बसलं, तर तेल टाकीत परतणार नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहील. ही गाडी उद्या अंबडच्या रस्त्याला ट्रकच्या मागं असणार होती. पेटी दिसत होती समोर, निळ्या रंगाची, कडांना घासलेली. तृप्तीनं ती पाहिली आणि ओठ चावला.

"तयार का हो, मेकॅनिकबाई?" वकील चहा संपवून आत आले, मागं पप्पा.

नेहमी दहा वाक्यं एकदम बोलणारी तृप्ती अडखळली. "नाही, वकीलकाका. मी... मी रबर बिघडवलं. पेट्रोलमध्ये टाकलं. ते फुगलं. घातलं तर आज चालेल, पण नंतर अडकेल. दुसरं किट संभाजीनगरहून मागवावं लागेल. गाडी उद्या."

वकिलांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे उद्या सकाळी मी एसटीनं? उभ्यानं?"

"तुम्ही वकील ना, उभं राहून बोलायची सवय असेल," तृप्तीच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. वकील मात्र खो खो हसले.

पप्पा हसले नाहीत. त्यांनी रबर हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, ट्रेकडं पाहिलं.  तृप्ती स्टुलावर जाऊन बसली. 

"नियम कुणाचा?" पप्पांनी विचारलं.

"तुमचा."

"तारेच्या गाड्यांचा हाय तो. ही तारेची न्हाई. हे मला तुला सांगायचं व्हतं, अन् मी चहाला गेलो." त्यांनी भिंतीवरचा खडू उचलला आणि ट्रेच्या वर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: रबर न्हाई. मग सोमाकाकांकडं न पाहता म्हणाले, "तुझ्यासाठी बी हाय ते, सोमा."

"वाचलं," सोमाकाका म्हणाले आणि कार्बोरेटरमध्ये परत शिरले.

 पेटीचं काय, ते तृप्तीनं विचारलं नाही. रात्री तिनं जेवतानाही विचारलं नाही, तेव्हा आईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी किट आलं. तृप्ती स्टुलावरच बसून होती. पप्पांनी पुडा तिच्या मांडीवर टाकला.

"चल."

या वेळी तिनं ट्रे दूर सरकवला. सीलबंद डब्यातलं ताजं ब्रेक ऑइल वाटीत ओतलं, रबरं त्यातच बुडवून बोटांनी माखली, कड मुडपणार नाही अशी हळूच खाचेत बसवली. दट्ट्या फिरवत फिरवत आत सरकवला, कडी बसवली, टोपण घातलं. टाकी भरली. लिव्हर थोडा थोडा हलवला तशी वरच्या सिलेंडरातली हवा टाकीत बुडबुडून निघाली.

आता खालची हवा. तिनं सोमाकाकांना हाक मारायला तोंड उघडलं, तर पप्पा आधीच इंजिनपाशी उकिडवे बसले होते. निपलवर पाना लावून.

"तू लिव्हर धर," ते म्हणाले. "अन् बोल. तू बोलल्याबिगर मी पाना हलवणार न्हाई."

"खरंच बोलू?"

"ह्याच कामाला तोंड लागतं."

मग तृप्ती बोलली. "दाबते, दाबते, दाबते, धरलं! खोला! टेकला, बंद करा! झालं? सोडते!" गल्लीतून जाणारे थांबून बघू लागले. शेवटी एकच हट्टी बुडबुडा राहिला असावा, लिव्हरच्या सुरुवातीला तेवढा पोकळपणा लागत होता. तिनं हँडल वळवून टाकी सगळ्यात उंचावर आणली, नळीच्या वरच्या जोडावर पान्याच्या मुठीनं टिचक्या मारल्या, लिव्हर हळूहळू हलवला. टाकीत एक बारीक बुडबुडा येऊन फुटला. लिव्हर बोटांना भिडला.

तिनं तो दाबून धरला. धरूनच ठेवला. वकील एसटीतून उतरून, काळा कोट हातावर टाकून दारात आले तरी धरूनच होती. तो तसूभरही सरकला नाही. टाकीत तेल खुणेपर्यंत भरलं, झाकण लावलं, सांडलेले थेंब पाण्यानं धुतले.

"चालू कर," पप्पा म्हणाले.

इंजिन धडधडू लागलं. तृप्तीनं क्लच दाबला, पायानं पहिला गिअर टाकला.

टक्.

एवढंच. परत न्यूट्रल, परत पहिला. टक्. सोमाकाका सुद्धा मान वर करून ऐकत होते.

वकील चौक ओलांडून, पार अंबड नाक्यापर्यंत जाऊन आले. उतरता उतरता म्हणाले, "एक शब्द बोलली नाही गाडी. मेकॅनिकबाईंनी सगळं आधीच बोलून टाकलं असेल."

तृप्ती हसली आणि वळली, तर स्टूल जागेवर नव्हतं. पप्पांनी ते भिंतीकडं नेलं होतं, आणि त्याच्यावर निळी पेटी ठेवली होती.

"झाकण अडकतं तिचं," ते म्हणाले. "तेवढं तूच दुरुस्त कर."