डाव्या हाताची कामचुकारी

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात 'वर्क स्टडी'चं खूळ शिरलं, आणि मॅनेजर नरसिंहरावांच्या गळ्यात स्टॉपवॉच आलं. लेथवरची प्रत्येक फालतू हालचाल ते मोजून छाटत. कारखान्यात छाटायला काही उरेना, तेव्हा ते क्रिकेट टीमकडे वळले.

टीमचा एकुलता एक वेगवान गोलंदाज रविकिरण लेथवर तीन वर्षं तात्पुरता होता. रविवारी शेजारच्या कारखान्याला हरवलं तर कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. हातावर पोट असलेल्या माणसाला त्या शब्दानं झोप लागेना.

सोमवारी साहेबांनी चार चेंडू पाहून निकाल दिला.

"सुरुवातीची पावलं सावकाश कशाला? पहिल्यापासून सुसाट पळ. आणि चेंडू उजव्या हातात असताना डावा हात वर कशाला जातो? कामचुकार आहे तो. अंगाशी ठेव."

"सरी, बरं साहेब," रविकिरण म्हणाला आणि नंदीबैलासारखी मान हलवली. बुधवारी कंबरेच्या डाव्या बाजूला अशी कळ आली, की लेथपुढे उभं राहवेना. कंबर गेली तर तात्पुरतीही नोकरी जाणार, या विचारानं तो मनापासून घाबरला.

स्टोअरकीपर गुंडोअण्णा एके काळी लीगमध्ये वेगवान गोलंदाजी करत. ते म्हणाले, "आता रविवारपर्यंत चेंडूला हात लावू नको. तू आधीच दमतोस, मग उडी वाकडी पडते. पाय फलंदाजाकडे, खांदे भलतीकडे. मधे कंबर धुण्यासारखी पिळली जाते. स्वल्प सावकाश सुरू कर, ताल धर, वेग आपोआप चढतो. डावा हात उंच फलंदाजाकडे, मग खाली बरगडीशी ओढ. पुढचा पाय सरळ टाक, आडवा नको. खांदे आणि कंबर एका दिशेला राहू देत."

रविवारी रविकिरण सावकाश निघाला. सीमारेषेवरून साहेब ओरडले, "डावा हात!" त्यानं डावा हात उंच नेला. कळ आली नाही, मधला स्टंप मात्र गेला. संध्याकाळी चषक कारखान्याचा झाला.

सोमवारी साहेबांनी कायम झाल्याचं पत्र दिलं. "डावा हात माझीच सुधारणा, अहवालात लिहिलीय. पण चेंडू सुटल्यावर सात-आठ पावलं पळतोस, ती निव्वळ वाया. जागच्या जागी थांब."

रविकिरणनं आधी पत्र घडी करून खिशात घातलं. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"साहेब, एकदा करून दाखवता?"

साहेब लेथच्या रांगांमधून सुसाट धावले, हात फिरवला आणि जागच्या जागी थांबले.

पंधरा दिवस ते घरी फळीवर झोपून होते. त्या पंधरा दिवसांत कारखान्याचं उत्पादन कधी नव्हे इतकं वाढलं.