काकांची गुटी

रबराचं झाड छताला टेकलं होतं आणि खाली नुसता बोडका दांडा उरला होता. म्हणून काकूंनी त्याला गुटी बांधली. दांड्याची कड्यासारखी गोल पट्टीभर साल सोलली, खालचा बुळबुळीत थर खरवडला आणि त्यावर ओलं शेवाळ, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळली. मुळं सुटली की त्याखाली कापून शेंडा नव्या कुंडीत लावायचा होता.

"मुळं बाहेरूनच दिसतील. हात लावाल तर याद राखा!" त्यांनी नवऱ्याला बजावलं.

काकांना दम कुठला! काकू आंघोळीला गेल्या की ते प्लास्टिक सोडून डोकावत, पुन्हा ढिलं गुंडाळत आणि साळसूदपणे पेपर वाचत बसत. शेवाळ सारखं का सुकतंय, हे काकूंना कळेना.

आज काका नाचतच स्वयंपाकघरात आले. "अगं, मुळं आली!"

त्यांच्या तळहातावर दोन पांढरी मुळं होती. तुटलेली.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी काकांचे दोन्ही अंगठे जोडले, त्यांवर ओलं शेवाळ थापलं, प्लास्टिक गुंडाळलं आणि सुतळी करकचून बांधली.

"अगं, सोडणार कधी?"

"मुळं फुटली की. आणि मी मधेमधे उघडून बघणार नाही."