सोडला की संपतो

मिहिर जहाजावर सेकंड इंजिनियर होता. बॅकगॅमन हा फासे-सोंगट्यांचा खेळ तो तिथल्याच एका ग्रीक चीफ इंजिनियरकडून शिकला आणि सुट्टीत चारकोपच्या घरी बायकोला, जान्हवीला, शिकवला. आता तो परत समुद्रावर गेला होता. रविवारी दुपारी नेट बरं चाललं की दोघं व्हिडिओ कॉलवर खेळत. पट जान्हवीच्या पलंगावर. फासे त्याचे तो टाकी, सोंगट्या मात्र दोघांच्या तीच हलवी.

तिचं अडायचं ते डबलिंग क्यूबपाशी, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करायच्या ठोकळ्यापाशी.

"फासे टाकायच्या आधी मी 'डबल' म्हणू शकतो," तो पुन्हा सांगायचा. "तू सोडलास तर डाव तिथंच संपला, मला एक गुण. घेतलास तर डाव दोन गुणांचा, आणि क्यूब तुझ्याकडे. पुढचा डबल मग तूच देऊ शकतेस."

"घ्यायचा कधी पण?"

"अशा चार डावांतला एक तरी जिंकशील असं वाटलं तर. चारही सोडलेस, चार गुण गेले. चारही घेऊन तीन हरलीस तर सहा गेले, एक जिंकलीस तर दोन आले. म्हणजे गेले चारच. त्याहून जास्त आशा असेल तर घे."

"आणि द्यायचा कधी?"

"चांगली पुढे असशील तेव्हा. पण समोरच्याला घेऊ की सोडू, असा प्रश्न पडला पाहिजे. फार थांबलीस तर तो सरळ सोडून देतो."

तिला सगळं कळायचं. तरी ती प्रत्येक डबल घ्यायची.

त्या रविवारी तिच्या दोन सोंगट्या मार खाऊन पटाबाहेर बसल्या होत्या आणि त्यांना जिथून परत आत यायचं त्या, त्याच्या घरातल्या सहाही जागा त्याच्या सोंगट्यांनी बंद होत्या.

"डबल," मिहिर म्हणाला.

"घेतला."

"अगं, आत यायला जागाच नाही! तुझी एकही सोंगटी घरी पोचून सुटायच्या आत मी माझ्या सगळ्या सोडवल्या तर दोनाचे चार होतील. का घेतेस?"

जान्हवी क्यूब बोटांत फिरवत राहिली. "सोडला की डाव संपतो. डाव संपला की तू म्हणतोस, चल, ड्युटीची वेळ झाली."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"आज वेळ आहे," तो हळूच म्हणाला. "सोड हा. लगेच दुसरा मांडू."

"नक्की ना?"

"नक्की."

"सोडला," ती पहिल्यांदाच म्हणाली आणि भराभर सोंगट्या लावायला लागली.

दुसऱ्या डावात तिला फासे छान पडले. सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या, उरली नुसती शर्यत. तिनं मोजलं: तिला शंभर घरं चालायची होती, त्याला एकशे दहा.

"डबल," ती म्हणाली.

त्यानंही मोजलं. "अगदी वेळेवर दिलास. शंभराला बारा घरांपर्यंत मागे असलो तर घ्यावा. घेतला!" तो हसला.

तिनं क्यूब त्याच्या बाजूला ठेवला, फासे टाकले, सोंगट्या हलवल्या. "तुझी पाळी."

त्याचा चेहरा तसाच हसरा, पडद्यावर गोठला. मग पडदा काळा झाला. तिनं पुन्हा पुन्हा फोन लावला. लागला नाही. सिग्नल गेला असणार, हे तिला माहीत होतं. तरी अंधार पडेपर्यंत ती पटासमोर बसून राहिली.

सोंगट्या हलू नयेत म्हणून त्या रात्री ती बाहेर दिवाणावर झोपली.