सातव्या पानावरचं कलम

चाचणी बघायला आलेल्या माणसाला कारखान्यात आधी कानात घालायचे बोळे देतात. धाकटीला चहा दिला.

तेव्हाच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. पण रात्रभराचा प्रवास, घरून निघताना लेकीने धरून ठेवलेली ओढणी, या सगळ्यात तिने ते मनावर घेतलं नाही. कपातला चहा अर्धा प्यायला आणि शेजारी बसलेल्या काकांना म्हणाली, "चला, चाचणीच्या बेंचवर जाऊया का?"

काका म्हणजे इस्पितळाचे अभियंते. बॉयलरच्या खोलीत वाफेवर उभं आयुष्य काढलेलं, म्हणून इस्पितळात त्यांना वाफवाले काका म्हणत. नव्या इमारतीसाठी चारशे टन गारव्याचा चिलर घेतला होता. ऑपरेशनच्या खोल्या, औषधांचं कोठार, रक्ताची बँक, सगळ्यांना गार हवा देणारं थंड पाणी त्या एका मशीनमधून जाणार होतं. कॉम्प्रेसर, दोन लांब नळकांडी आणि पॅनेल, सगळं एकाच चौकटीवर कारखान्यातूनच जोडून येणारं. ते घ्यायचं कसं, ते काय काम करेल, त्याची परीक्षा कशी घ्यायची आणि बिघडलं तर जबाबदार कोण, हे सांगणारी अकरा पानं धाकटीने लिहिली होती. कागदावर खाली नाव तिचं होतं. सल्लागाराचं ऑफिस तिच्या दादाचं.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. नकाशा वाचायला त्यानेच शिकवलं, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पोळ्या लाटणाऱ्या आईचा ओरडा खात. बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी बसलेल्या बहिणीला "उद्यापासून ये, तुझी खुर्ची कुणाला दिलेली नाही" असं म्हणणाराही तोच.

टेस्टवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कारखान्यातली चाचणीची सगळी जागा त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी एक फाइल पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बेंचवर काय बघणार? मशीन पॅक करायला घेतलंय. परवा गाडीत चढेल. तुम्ही इथे सही केलीत की झालं."

"आणि चाचणी?"

"ती मागितलीच नाही की तुम्ही."

धाकटी हसली. असं हसू येतं तेव्हा माणसाला खात्री असते की समोरचाच चुकतोय. "बाई, मीच लिहिलंय ते. पान सात. ग्राहकासमोर, चार भारांवर, शंभर, पंचाहत्तर, पन्नास, पंचवीस टक्के."

बाईंनी पान सात उघडून तिच्यासमोर धरलं.

पान तिच्याच अक्षरवळणाचं, म्हणजे तिच्याच फॉन्टचं, तिच्याच समासांचं. मजकूर मात्र दुसरा. 'याच प्रकारच्या मशीनची आधी झालेली चाचणी व तिचं प्रमाणपत्र पुरेसं धरलं जाईल.' तिने लिहिलं होतं की कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळकांड्यात, येणारं पाणी बत्तीस अंशांचं धरून चाचणी व्हावी, कारण त्यांच्याकडच्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरमधून त्याहून गार पाणी मिळत नाही. प्रमाणपत्र होतं ते साडेएकोणतीस अंशांचं. अडीच अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पाणी जितकं गरम, तितका कॉम्प्रेसरला उष्णता बाहेर टाकायला जोर लावावा लागतो, वीज जास्त लागते, गारवा कमी मिळतो. ऐन मे महिन्यात मशीन किती टन गारवा देईल, हे त्या प्रमाणपत्रात कुठेच नव्हतं.

तिने पुढची पानं उलटली. नऊवर वॉरंटी. तिने लिहिलं होतं: मशीन जागेवर चालवून ताब्यात दिल्यापासून दोन वर्षं, कॉम्प्रेसरला पाच. आता तिथे होतं: माल कारखान्यातून निघाल्यापासून अठरा महिने किंवा मशीन चालू झाल्यापासून बारा महिने, यांतलं जे आधी संपेल ते.

नव्या इमारतीत वीज यायलाच अजून वर्ष होतं. म्हणजे बारा महिने मशीन ताडपत्रीखाली पडून राहणार आणि वॉरंटी तिथेच झिजणार. उरणार सहा महिने.

अकराव्या पानावर तिची सही. अगदी खरी, निळ्या शाईची.

सही केली त्या दुपारी लेकीला, ढमीला, ताप होता, पाळणाघरातून दोनदा फोन आला होता. धाकटीने शेवटच्या पानावर सही ठोकली आणि बाकीची पानं छापायला लावली. ऑफिसची रीतच तशी, सही फक्त शेवटच्या पानावर. दादा म्हणाला होता, "जा गं तू. पोर जळतंय तापाने आणि तू समास मोजतेस. मी पाठवतो." किती बरं वाटलं होतं तेव्हा. रिक्षात बसून तिने नवऱ्याला सांगितलंही होतं, असा भाऊ नशिबाने मिळतो.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"एक फोन करते," ती म्हणाली.

बाहेर रंगाच्या डब्यांपाशी उभी राहून तिने दादाला फोन लावला.

"पोचलीस? खाल्लंस का काही?" दादा म्हणाला.

"पान सात तू बदललंस?"

पलीकडे ऑफिसचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. त्यातच तिला उत्तर मिळालं, पण तिने ते त्याच्या तोंडून ऐकायचं ठरवलं होतं.

"हे बघ, तुझ्या अटी धरून एकही कारखाना तारीख पाळायला तयार नव्हता. आर्किटेक्ट माझ्या उरावर बसला होता. हे असं सगळेच लिहितात. मशीन चांगलंच आहे गं, मी काय उगाच…"

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? तू हट्टी, बाबांवर गेलीस. आणि पोरीच्या तापात तुला कशाला आणखी…"

"माझी सही का ठेवलीस मग? तुझी करायची."

"तुझीच होती ना शेवटच्या पानावर," दादा अगदी सहज म्हणाला. तो सांगत होता, "आज सही करून ये. घरी आल्यावर काय भांडायचं ते भांड. ढमीसाठी कागदाची होडी करून ठेवलीय."

ती परत आत आली तेव्हा काका फाइलवर वाकले होते. चष्मा कपाळावर. त्यांना पान सात कधी बारकाईने वाचावंच लागलं नव्हतं. का वाचतील? वाचायचं काम त्यांनी धाकटीच्या ऑफिसला दिलं होतं.

"सगळं रीतसर आहे ना पोरी?" ते म्हणाले.

मूग गिळून सही केली असती तर संध्याकाळची गाडी मिळाली असती. बोललं की दादाचं ऑफिस गेलं. काका परत गेल्यावर गप्प बसणारे नव्हते, इस्पितळाची पुढची दोन कामंही दादाकडेच होती. धाकटीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"नाही, काका. हे पान मी लिहिलेलं नाही. माझ्या सहीनंतर बदललंय. आमच्याच ऑफिसात."

"कुणी?"

"माझ्या भावाने."

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिच्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ऑपरेशन चालू असताना हे बंद पडलं, तर त्या टेबलावरच्या माणसाला मी काय सांगणार होतो?"

टेस्टवाल्या बाई इतका वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. आता वळल्या. "करारातलं पान हेच आहे. चाचणी करायला मी बांधील नाही, हे आधी सांगते. पण बेंच गुरुवारपर्यंत रिकामं आहे. इस्पितळाच्या या साहेबांनी चाचणी हवी म्हणून दोन ओळी लिहून दिल्या तर मशीन पुन्हा जोडते. पंधरा वर्षांत कुणी बत्तीस अंशांवर मागितलं नाही, मलाही बघायचंय." मग धाकटीला म्हणाल्या, "मात्र तुम्ही थांबायचं. मागणारी समोर हवी."

काकांनी दोन ओळी लिहिल्या. धाकटीने आईला फोन करून ढमीला आणखी दोन दिवस तिच्याकडेच ठेवायला सांगितलं. कारण सांगितलं नाही.

पाईप जोडायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेआड बसून धाकटी आकडे उतरवून घेत होती. पाणी स्थिर झाल्याशिवाय बाई आकडा घेऊ देत नसत. प्रत्येक भारावर हिशेब जुळवायचा: आत येणाऱ्या पाण्यातून ओढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरची वीज मिळून बाहेर टाकलेल्या उष्णतेइतकी भरायला हवी. नाहीतर एखादं मापक खोटं बोलतंय. "इथे कुणाच्या शब्दावर जात नाही मी," बाई म्हणाल्या. त्या स्वतःच्या मापकांबद्दल बोलत होत्या, पण धाकटीने मान खाली घातली.

पूर्ण भारावर टनामागे वीज शून्य पूर्णांक बासष्ट किलोवॅट. तिने लिहिलेली मर्यादा शून्य पूर्णांक चौसष्ट होती. पुढचे तिन्ही भारही मर्यादेत बसले. मशीन पास झालं, झकास पास झालं.

बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. धाकटी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली. मशीन नापास व्हावं असं तिला वाटत होतं, हे तिला तेव्हा कळलं. नापास झालं असतं तर दादाचा राग करणं सोपं गेलं असतं.

ती आईकडे पोचली तेव्हा उन्हं कलली होती. दादा जमिनीवर पाय पसरून बसला होता आणि ढमी त्याच्या मांडीवर होड्या मांडत होती, सात-आठ तरी असतील. आई कोथिंबीर निवडत होती. भावंडांमध्ये काय झालंय हे आईला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या हाताचा वेग बघता तिला सगळं कळलं होतं.

"पास झालं म्हणे," दादा म्हणाला.

"झालं."

"मग? मी काय म्हणत होतो? त्या म्हाताऱ्याने दोन्ही कामं काढून घेतली. पास होणाऱ्या मशीनपायी."

"मशीनचा मला भरवसा नव्हता, म्हणून तपासायचं होतं," धाकटी म्हणाली. "तुला तपासावं असं मला कधी सुचलं नाही रे."

आईचा हात थांबला. दादाने ढमीच्या होडीचं टोक नीट केलं, पुन्हा पुन्हा केलं.

"वॉरंटीचं कलम अजून तसंच आहे," ती म्हणाली. "काका कारखान्याशी बोलायला तयार आहेत. त्यांना पत्र लागेल, की ते पान सहीनंतर बदललं. ते तू लिही. सही तुझी."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी लिहीन. त्यात तुझं नाव येईल."

दादाने मांडीवरच्या होड्या बाजूला ठेवल्या. मामाच्या दंडावर डोकं टेकून ढमी पेंगायला लागली होती, तोंड उघडं, एक होडी मुठीत. तिला घेऊन निघायचं तर दादाच्या कुशीतून काढून घ्यावी लागणार होती. धाकटीने पर्स खांद्याला लावली, पुढे झाली, वाकली. दादाने हात सैल केला नाही, घट्टही केला नाही.

"झोपू दे पाच मिनिटं," तो हळूच म्हणाला.

ती दाराशी गेली, चपला घातल्या आणि भिंतीला टेकून थांबली.