आधी माझा गोषवारा तपासा

दुर्गेश्वरी पटलेच्या डोळ्यांसमोर सकाळपासून बोडीच तरंगत होती. बसली होती गोंदियाच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, कॉम्प्युटरपुढे. मन मात्र सडक अर्जुनीजवळच्या त्या बोडीत, लहानशा तळ्यात, कमरेएवढ्या हिरव्या पाण्यात. दोन वर्षं तिनं तिथलं शेवाळ बाटल्यांत भरलं, मोजलं, एमएस्सीचा प्रबंध लिहिला. आणि आता तपासणीचं सॉफ्टवेअर म्हणे, प्रबंधाचा इंग्रजी गोषवारा एक्याण्णव टक्के एआयनं लिहिलेला. घ्या! समितीनं प्रबंध परत पाठवला होता. पाच वाजेपर्यंत खुलासा गेला नाही, तर वर्ष फुकट.

तिची मैत्रीण दामिनी, भारी हुशार. तिनं सांगितलं, चार चुका घाल, वाक्यं वाकडीतिकडी कर. दुर्गेश्वरीनं केलं. आकडा बारावर आला. पण आता नमुने किती, कुठल्या महिन्यातले, काही धड कळेना. खरं लिहिलं तर चोर, बिघडवलं तर साव! तिला रडूच आलं.

तेवढ्यात रहांगडाले सर आले, तिचे मार्गदर्शक. पंचवीस वर्षं विभागातल्या प्रत्येक पोराला त्यांचा एकच साचा: आधी उद्देश, मग पद्धत, मग आकडे, मग निष्कर्ष. 'मला दिसलं' असं कुणी लिहिलं की लाल रेघ. 'आढळून आले' लिहा. त्यांनी तिला मूळ गोषवारा वाचायला लावला, प्रत्येक वाक्याला अर्ध्यावर थांबत. ती थांबली की उरलेलं वाक्य सर डोळे मिटून म्हणत. एक, दोन, तीन वाक्यं. नमुन्यांचे महिने आणि आकडे तेवढे त्यांना सांगता येईनात. बाहेर उन्हात कडुनिंब डुलत होता, दोघांचे आवाज आरतीसारखे एकमेकांत मिसळत होते. आपण पाण्याखाली बसून ऐकतोय, असं तिला वाटत राहिलं.

"हे सॉफ्टवेअरही असंच करून राहिलं, पोरी," सर म्हणाले. "पुढचा शब्द ओळखता आला, वाक्यं एका मापाची निघाली, की म्हणते एआयचं. गोषवाऱ्यात तर सगळ्यांचाच शब्द ओळखता येते. एआय शिकलं तेच असले ढिगानं कागद वाचून."

मग त्यांनी कपाटातून स्वतःचा पीएचडीचा प्रबंध काढला. सन अठ्ठ्याण्णव, टाइपरायटरवरचा. त्याचा गोषवारा दुर्गेश्वरीनं जसाच्या तसा उतरवून तपासायला घातला. चौऱ्याण्णव टक्के.

"तुझे शब्द मीच खोडले," सर हळूच म्हणाले. इतकी वर्षं कडक म्हणून ज्यांना भ्यायचं, त्यांचा चेहरा असा उतरलेला तिला बघवेना.

खुलासा त्यांनीच लिहिला. तिच्या नोंदवहीची पानं जोडली, स्वतःचा चौऱ्याण्णव टक्क्यांचा अहवाल जोडला. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली: 'हिची पदवी अडवायची असेल, तर आधी माझी परत घ्या.' सरांनी तिच्या हातून कागद घेतला, खाली सही केली आणि स्वतःच समितीच्या खोलीकडे चालू लागले.