नामाच्या हिश्श्याचा भात

गोदूला कुणी वाईट म्हणायचं काम नाही. नवरा राघो तापाने गेला तेव्हा पदरात दोन पोरं, मैना आणि नामा. पडघ्याजवळची जमीन राघोने स्वतः पै-पै जोडून घेतलेली, पण एकट्या बाईच्या हाताने ती पिकणार किती? चुलत दीर केसरीनाथ भिवंडीत धामणकर नाक्याला राहायचा. कापड विणायचे दोन लूम, पक्कं घर, आणि घरात पाळणा काही हलला नाही. त्याने आठ वर्षांच्या नामाला दत्तक मागितलं. पोरगा शिकेल, पोटभर जेवेल, म्हणून गोदूने काळजावर दगड ठेवला आणि चार माणसांदेखत आपल्या हाताने त्याला केसरीनाथच्या बायकोच्या, तुळजाच्या मांडीवर बसवलं. नामाने मागे वळून पाहिलं, तेव्हा हिने तोंड फिरवलं. काय करणार बिचारी!

महिनाभराने ती भेटायला गेली. नामा तिला असा बिलगला की सोडवता सोडवेना, आणि ती निघाल्यावर दोन दिवस जेवला नाही. तुळजा मनाने वाईट नव्हती, पण बोलली ते बोललीच.

"गोदू, पोर रुळू दे. तू येतेस आन् घडी मोडतेस. काही कामाशिवाय येत जाऊ नको."

दुसऱ्याच्या घरात शिरायला काम लागतंच. गोदू गेली नाही.

सुगीनंतर गावचे दाजी पारावरून म्हणाले, "पोर दत्तक गेला म्हंजे बापाच्या जमिनीवरचा त्याचा हक्क गेला. तलाठ्याकडून त्याचं नाव काढून घे. तेवढंच तुला न् मैनाला." दाजींचं बोलणं गावात वेदवाक्य. गोदूलाही वाटलं, पोर गेला तो गेला, निदान मैनाच्या लग्नाला आधार होईल. पण तलाठ्याने हात वर केले, "असं नाव न्हाय निघत. वकिलाला विचार." मग ती भिवंडीच्या कोर्टापाशी एका वकिलासमोर जाऊन बसली.

"दाजींचा कायदा जुना झाला, बाई. तो छप्पन साली बदलला," वकील म्हणाले. "राघो गेला त्याच क्षणी तिसरा हिस्सा नामाचा झाला. एक तुझा, एक मैनाचा, एक त्याचा. दत्तक जाण्याआधी जे त्याचं झालं, ते त्याचंच राहतं, त्याच्याबरोबर जातं. आता त्याचा पालक केसरीनाथ. विकायचं म्हटलं तर त्यालाही कोर्टाची परवानगी लागेल. तुझ्या हिश्श्याचा मात्र नामा आता वारस नाही."

"म्हंजे पोरगा बी गेला न् जमीन बी?" गोदूचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "साहेब, जमीन जाऊ द्या. पोरगा परत मिळंल का?"

"नाही. रीतसर झालेलं दत्तक मोडत नाही. तुला नाही, त्यांना नाही. उद्या नामा मोठा होऊन म्हणाला तरी तो परत तुझा मुलगा होत नाही."

गोदू तिथेच पदर तोंडाला लावून रडली. देताना हे कुणी सांगितलं नव्हतं, की तिने ऐकलं नव्हतं, देव जाणे. मांडी बदलली की आई बदलते, हे तिच्या मनाने आजवर धरलंच नव्हतं. लोक बघत होते. बघोत!

घरी येऊन तिने भात मोजला, तीन वाटे केले. नामाच्या वाट्याचं पहिलं पोतं एस.टी.च्या टपावर टाकलं आणि नाक्यावर उतरून, हमालाच्या मागून केसरीनाथच्या दारात उभी राहिली. वकिलाने सांगितलेलं सगळं सांगितलं.

केसरीनाथ ओशाळला. माणूस लोभी नव्हता. "अगं, आम्हाला कुठं ठाव होतं? तुझ्या घामाचा दाणा आम्ही खाऊ? त्या भाताचा हिशेब मी मागणार न्हाय. तूच खा, मैनाला घाल. पुन्हा ही ओढाताण करू नको."

किती मोठं मन! वर्षभराची चिंता एका शब्दात मिटत होती. दुसरी कुणी असती तर पाया पडली असती.

"न्हाय, भावजी," गोदू म्हणाली. "तो भात नामाचा हाय. मी आणणारच. एकदम न्हाय झेपत, एकएक पोतं आणीन."

"गड्याबरोबर पाठव मग."

"मीच आणणार."

केसरीनाथला काही उमगेना. तुळजाला मात्र उमगलं. ती उंबऱ्यातच थांबली. कामाशिवाय येऊ नको, म्हटलं होतं तिनेच. हे काम होतं.

आतून नामा धावत आला. नवी चड्डी, तेल लावून बसवलेला भांग. गोदूला पाहून तो थबकला, आधी तुळजाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग शिकवल्यासारखं हळूच म्हणाला, "आई, काकी आलीय."

"व्हय रं बाळा," गोदू म्हणाली, "काकी भात घेऊन आलीय."